रंगवलेली नखं

लोकांनी माझ्या तोंडाआधी माझी नखं पाहिली. कंडक्टरचं तसंच असतं. तिकीट फाडणारा हात, सुटे पैसे देणारा हात; माणूस मागाहून येतो. साकोलीहून निघालेल्या गाडीत मी उभ्या उभ्या हात पुढे करायचो आणि समोरच्याची नजर माझ्या बोटांवर अडायची. कोणी नोट अगदी टोकाला धरून ओढून घ्यायचा. एका बाईने तर सांगितलं, "पैसे हातात नको देऊ भाऊ, सीटवर ठेव." मी ठेवले. दुसऱ्या दिवशी तीच बाई चढली तेव्हा मी आधीच सीटवर ठेवले आणि म्हणालो, "उचला मावशी, सीटले काही होत नाही." तिला राग आला. मला बरं वाटलं.

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो. नोकरीत त्याच्यामुळे दोनदा स्पष्टीकरण द्यावं लागलं. पण नखांकडे बघून मागे सरकणाऱ्यावर मी कधी ओरडलो नाही, कारण ओरडायला कारण लागतं, आणि माझ्याकडे सांगायला कारण नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं काय झालंय ते. सुईने टोचून टोचून खड्डे पाडावेत तशी नखं झाली होती. शिंप्याच्या बोटातल्या टोपीवर असतात ना, तसे खड्डे. काही नखांखाली तेलाचा थेंब मुरल्यासारखा पिवळट डाग. टोकाकडून नख मांसापासून सुटलेलं, आणि त्या फटीत तिकिटांची, नोटांची, साऱ्या जिल्ह्याची धूळ. गावात एक शब्द होता त्याच्यासाठी. महारोग. तो कोणी तोंडावर बोलत नसे, मी उठून गेल्यावर बोलत.

आधी एकाने बुरशी म्हणून औषध दिलं. फार दिवस घेतलं. बुरशी असती तर गेली असती. शेवटी भंडाऱ्याला चामडीच्या डॉक्टर होत्या त्यांच्याकडे गेलो. बायको सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला. हातमोजे न घालता धरला, हे बायकोने घरी येऊन शेजारपाजारी सर्वांना सांगितलं. भिंगातून एकेक नख पाहिलं. मग म्हणाल्या, कोपरं दाखवा. कानामागे बघितलं, केसांत बघितलं, शर्ट वर करायला लावून बेंबीत बघितलं. मला वाटलं, बाई नखं सोडून भलतीकडेच चालली. पण कानामागे एक खवल्यांचा चट्टा होता, जो मी कोंडा समजून खाजवत होतो, आणि बेंबीत लाल डाग होता. बुरशी नाही याची खात्री करायला त्यांनी नख खरवडून तपासायला पाठवलं. काही निघालं नाही. "सोरायसिस," त्या म्हणाल्या.

बायकोने लगेच विचारलं, "मले लागन काय?"

"नाही. हे लागतच नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा. हा जंतूचा रोग नाही. यांचं शरीरच यांच्या कातडीशी भांडतंय."

मग त्यांनी तिला माझा हात दाखवून समजावलं. नख मुळाशी तयार होतं, तिथेच सूज असली की नखाचा वरचा थर कच्चा बनतो आणि त्याचे कण गळून पडतात, म्हणून खड्डे. शेवटच्या पेराचे सांधे दुखतात तेही यातलंच. आणि टोकाकडे या बारीक लालसर काळ्या रेघा, लाकडाचं कुसळ घुसल्यासारख्या, त्या नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या की होतात. त्याही यातच येतात.

बायको ऐकत होती. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की माझ्यापेक्षा तिलाच जास्त समजतंय. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चला, महारोग नाही." ती म्हणाली, "ते मले कवाचंच मालूम होतं." खोटं बोलत होती. तिलाही भीती होती. पण त्या दिवसापासून ती माझी वकील झाली. कुठे लग्नात, बारशात, बाजारात कोणी माझ्या हाताकडे बघितलं की ही आपले दोन्ही हात पुढे करायची. गोल, गुलाबी, शेंगदाण्यासारखी नखं होती तिची. "इतकी वर्सं झाली यायच्या संग संसार करून राहिली मी. माझे हात पाहा. लागत असतं त मले नसतं लागलं?"

आणि तिला नादच लागला. पुढच्या एका खेपेला डॉक्टरीणबाईंनी माझी नखं पाहिली आणि विचारलं, "दोन-तीन महिन्यांमागे मोठं आजारपण झालं होतं का?" झालं होतं. पावसाळ्यात डेंगी होऊन मी मरता मरता वाचलो होतो. सगळ्या नखांवर एकाच उंचीवर आडवा चर पडला होता, नांगराच्या तासासारखा. मोठा ताप आला की शरीर नखं करायचं काम थांबवतं, नंतर पुन्हा सुरू करतं, आणि थांबल्याची खूण राहते. नख वाढेल तशी ती पुढे सरकते. कुठवर आली यावरून आजार कधीचा ते सांगता येतं. हे ऐकून बायको अशी खूश झाली की विचारू नका. घरी येणाऱ्या प्रत्येकाची नखं बघायला लागली. शेजारणीच्या दोन्ही अंगठ्यांवर मधोमध धुणं धुवायच्या फळीसारख्या आडव्या खाचा होत्या. ही म्हणाली, "बाई, तू बसल्या बसल्या बोटानं अंगठ्याचं कातडं मागं लोटत राहते का नाई?" शेजारीण हात लपवायला लागली. खरंच तिला ती सवय होती. माझ्या नखांवर उभ्या रेघा उठायला लागल्या तेव्हा मी घाबरून विचारलं, आता हे काय नवीन? ती डॉक्टरीणबाईंना न विचारताच म्हणाली, "हे काही रोगगिग नाही. बुढे झाले तुमी." आणि तेही बरोबर होतं.

सांगायचं आहे ते पोरीच्या लग्नाचं. आम्हाला एकच मुलगी. शिकली, साकोलीतच एका औषधाच्या दुकानात काम करायची. पहिलं स्थळ आलं ते जमत आलं आणि मोडलं. पाहुण्यांना पानाचं तबक मी पुढे केलं होतं. मुलाच्या मामाने पान घेतलं नाही. दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका बघितली, जुळत नाही. आमच्यात पत्रिका बघतच नाहीत, त्यांच्यातही बघत नव्हते. मी त्या दिवशी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको मात्र रडली. माझ्या नखांसाठी ती कधी रडली नव्हती, पोरीसाठी रडली.

दुसरं स्थळ जवाहरनगरचं. मुलगा तिथल्या कारखान्यात नोकरीला, बापाचं क्वार्टर होतं, आई घर बघणारी, बोलकी बाई. ते बघायला आले तेव्हा मी ठरवून आतल्या खोलीत बसणार होतो. बायकोने बसू दिलं नाही. चहा झाल्यावर तिने स्वतःच विषय काढला. माझा हात धरून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, हे असं आहे, याला सोरायसिस म्हणतात, लागत नाही. आणि माझ्या हाताशेजारी आपले हात ठेवले. मुलाच्या आईने दोन्हीकडे बघितलं. "खरंच व बाई," ती म्हणाली, "लागत असतं त तुमाले लागलं असतं." स्थळ तिथेच पक्कं झालं. साक्षगंध उरकलं आणि लग्न उन्हाळ्यात धरायचं ठरलं. मी त्या रात्री इतका खूश होतो की जेवताना बायकोची नक्कल करून दाखवली, आणि पोरगी हसून हसून ठसकली.

दिवाळीनंतर बायकोला ताप यायला लागला. त्याआधी काही दिवस तिची दाढ ठणकत होती, ती लवंग धरून बसायची. ताप मोठा नव्हता. दुपारून अंग गरम व्हायचं, हुडहुडी भरायची, रात्री घाम सुटायचा. सांधे दुखायचे. भूक गेली. गावातल्या डॉक्टरने मलेरिया तपासला, नव्हता. टायफॉइडची तपासणी थोडीशी आली म्हणाले. इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, ताप उतरला. आम्ही सुटलो म्हणेपर्यंत पुन्हा चढला. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा उतरला, पुन्हा चढला. आमच्याकडे ताप म्हणजे असाच असतो. धानाच्या दिवसांत कोणाला ताप नसतो?

त्याच दिवसांत तिने नखं रंगवायला सुरुवात केली. गडद डाळिंबी रंग. आख्ख्या जन्मात तिने नखाला रंग लावला नव्हता, लग्नातही फक्त मेंदी. मी म्हणालो, "काय जी, व्याही यायचे आहेत म्हणून का नट्टापट्टा?" ती हसली. म्हणाली, "पोरीचं लगीन आहे, मी काय बुढी दिसू?" डॉक्टरनेही नाडी बघताना मस्करी केली, ताई, तापातही हौस आहे तुमची. रंग जरासा उडाला की ती लगेच पुन्हा लावायची. कापायला बसायची तर आतल्या खोलीत जाऊन. पायाच्या नखांनाही लावायची. मला वाटलं, बरं आहे, आजारी माणसाला हौस सुचते म्हणजे माणूस बरं होत आहे.

तिची बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागली, इतकी ती वाळली होती. मी म्हणत होतो नागपूरला जाऊ. ती म्हणायची, लग्नाचं सामान झालं की जाऊ.

एका सकाळी ती चहा गाळत होती. सांडशी खाली पडल्याचा आवाज आला. मी ओट्याजवळ गेलो तर ती उभी होती, चहा सगळा ओट्यावर सांडलेला, उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. मी विचारलं, काय झालं? तिने काहीतरी सांगितलं. ते शब्द नव्हते. ती मात्र शब्दच बोलतेय अशा ओघात बोलत होती, आणि मला कळत नाही म्हणून तिच्या डोळ्यांत राग येत होता. तो राग मला अजून दिसतो. आयुष्यभर मी चिडायचो आणि ती समजावायची, त्या सकाळी उलटं झालं.

भंडाऱ्याहून नागपूरला पाठवलं. डोक्याचा फोटो काढला, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे म्हणाले. खाटेवर घेतल्यावर नर्सने बोटाला रक्तातली हवा मोजायचा चिमटा लावला. आकडा धड येईना. "नेलपॉलिश काढावं लागेल," ती म्हणाली आणि औषधाचा बोळा घेऊन एकेक नख पुसायला लागली. डाळिंबी रंग उतरला. नर्स थांबली. मग तिने जाऊन एका तरुण डॉक्टरला बोलावलं.

बायकोच्या नखांखाली काळपट लाल रेघा होत्या. उभ्या, बारीक, पेन्सिलच्या टोकाने ओढल्यासारख्या. एकदोन नव्हत्या.

"या काय काम करतात?" डॉक्टरने विचारलं. "हाताला मार वगैरे?"

मी म्हणालो, तिच्या माहेरी तलावात शिंगाडे होतात, भाऊ पोतं पाठवतो, उकडून सोलताना काटे जातात.

त्याने तिच्या पायाची नखं पुसायला लावली. तिथेही होत्या. "पायाने शिंगाडे सोलत नाहीत ना, काका," तो म्हणाला. मस्करीत नाही, हळू आवाजात. "काटा लागला तर रेघ टोकाशी असते. या मध्ये आहेत, मुळाकडे आहेत, आणि हातापायाच्या इतक्या नखांना आहेत. ताप कधीपासून येतोय?" मी सांगितलं. त्याने तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

संध्याकाळपर्यंत हृदयाचा फोटो झाला. हृदयातल्या झडपेच्या पडद्यावर जंतूंचा गोळा बसला होता. त्यातले तुकडे सुटून रक्तातून अंगभर जात होते; एक मेंदूत जाऊन अडकला. पडदा आधीपासूनच खराब असावा, मोठे डॉक्टर म्हणाले, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? तिच्या आईला फोन केला. म्हातारीला आठवलं, हो, दहाबारा वर्षांची असताना गुडघे सुजले होते, महिनाभर शाळेत गेली नव्हती. कोणाला वाटलं होतं की ते हृदयात जाऊन बसलंय. जंतू कुठून शिरले ते नक्की सांगता येत नाही, कदाचित दाढेतून. गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते अशा आजारात देता येत नाही, मेंदूत रक्तस्राव होतो. रक्तात जंतू वाढतात का ते बघायला ठेवलं, म्हणजे कोणता जंतू आहे ते कळतं, तर त्यात काही उगवलंच नाही, कारण गावातल्या इंजेक्शनांनी जंतू मेले नव्हते, नुसते दबले होते. अंदाजाने औषध चालू केलं, शिरेतून, कित्येक आठवडे.

मी मोठ्या डॉक्टरना एकदा धरलं. मी म्हणालो, खरं सांगा, कोणी आधी बघितलं असतं तर? त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं, ते कळत होतं. ते म्हणाले, "अशा रेघा कोणाच्याही नखांत सापडतात, काम करणाऱ्यांच्या तर नेहमीच. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही." मी हललो नाही. मग म्हणाले, "पण इतके दिवस ताप आणि त्याच्यासोबत या रेघा दिसल्या असत्या, तर कोणीही त्याच दिवशी हृदय तपासायला पाठवलं असतं."

मला तो रंग कळत नव्हता. मी बाहेर व्हरांड्यात पोरीला विचारलं, तुझ्या आईने हे काहून लपवलं? पोरगी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, तुमी चिडू नका." मी म्हणालो, चिडत नाही.

"मीच आणून दिलं ते नेलपॉलिश. आईनं मले दाखवल्या होत्या रेघा. तिले आंग दुखत होतं, बोटं दुखत होती, आन् मंग त्या रेघा निघाल्या. डॉक्टरीणबाईनं तुमच्या नखात दाखवल्या होत्या ना तशाच. म्हणे, तुह्या बाबाचं मले लागलं."

"लागत नाही तो रोग."

"मी सांगतलं तिले. ती म्हणे, डॉक्टरले का समजते? इतक्या वर्सानं लागलं. म्हणे, कोणाले दिसू द्यायचं नाही, बाबाले त बिलकुलच नाही. जवाहरनगरवाले तिच्याच हाताकडं पाहून हो म्हणले. आता त्यायनं हे पाहिलं त म्हणतीन, बायकोले लागलं, पोरीतही असन. म्हणे, एकदाचं तुहं लगीन होऊ दे, मंग मी जातो डॉक्टरकडं."

मी चिडलो नाही. चिडायला कोणावर चिडणार? पोरीवर? ती औषधाच्या दुकानात उभी राहून जगाला मलमं देते, तिला नेलपॉलिशच्या बाटलीत काय चुकीचं दिसणार होतं? त्या पानाच्या तबकाकडे पाठ फिरवणाऱ्या मामावर चिडून पाहिलं, तोही फार दूरचा निघाला. डॉक्टरीणबाईंनी खरं तेच सांगितलं होतं. बायकोने ऐकलं होतं तेही खरंच होतं. रेघा माझ्या रोगातही असतात, फक्त तिच्या नखांतल्या रेघा माझ्या नव्हत्या. एकाच चिन्हाला दोन घरं असतात, आणि तिला माझंच घर माहीत होतं. मी व्हरांड्यात उभा राहून रडलो. आजूबाजूची माणसं सरकून बसली, तिथे रडणाऱ्याला जागा करून देतात.

जंतू गेले. ती वाचली, असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. उजवा हात आणि पाय लुळा राहिला तो राहिलाच. पडद्याचं ऑपरेशन करायचं आहे, पण मेंदूला अजून झेपणार नाही म्हणतात. बोलणं गेलं. तोंडातून जे निघतं त्याला अर्थ नाही, आणि आपण बोललेलं तिच्यापर्यंत किती पोचतं हे मेंदूच्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. कधी वाटतं सगळं कळतंय. कधी मी म्हणतो पाणी पिते का, तर ती खिडकीकडे बघते. मी नोकरीतून मुदतीआधीच निघालो. घरी बसतो. तिला उठवतो, बसवतो, पुसतो, भरवतो. माझ्या असल्या हातांनी भरवतो.

दर आठवड्याला तिची नखं कापतो. दवाखान्यातून आणली तेव्हा रेघा तशाच होत्या. नख वाढलं तसं त्या टोकाकडे सरकल्या आणि एका रविवारी नेलकटरमध्ये निघून गेल्या. त्यांच्यामागून सगळ्या नखांवर आडवा चर आला, माझ्या डेंगीला आला होता तसा, जास्त खोल. तो हळूहळू पुढे सरकला. उन्हाळा सरता सरता तोही कापला गेला. आता तिची नखं पूर्वीसारखी आहेत, गोल, गुलाबी, एक डाग नाही. अंगात दुसरं काहीच बरं झालं नाही, नखं तेवढी झाली. मला ती बघवत नाहीत. कधीकधी वाटतं, त्या रेघा राहिल्या असत्या तरी चाललं असतं, निदान घडलं ते कुठेतरी दिसलं असतं.

मी तिला रोज सांगतो. तिची नखं तिच्या डोळ्यांसमोर धरतो, माझी शेजारी धरतो आणि म्हणतो, "पाह. तुले माझं काही लागलं नव्हतं. तो दुसराच रोग होता. तुही नखं साफ आहेत." ती माझ्या तोंडाकडे बघते. पोरगी म्हणते, बाबा, तेच तेच कायले सांगता, तिला त्रास होतो. मी सांगतो, कारण तिने तेवढीच एक गोष्ट मनात धरून सगळं सोसलं, आणि ती गोष्ट खोटी होती. हे तिला कळल्याशिवाय मला सुटका नाही.

लग्न पुढे ढकललं होतं. मागच्या महिन्यात मुलाची आई जवाहरनगरहून आली, तारीख विचारायला. भली बाई आहे. आजार काय होता, कशाने झाला, सगळं तिला माहीत आहे; मोडायचं असतं तर कधीच मोडलं असतं. तिने खाटेजवळ खुर्ची ओढली, बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला. मी खाटेच्या काठावर बसून बायकोला शिरा भरवत होतो. वाटी खाली ठेवली आणि हात तसाच तिच्या मांडीजवळ राहिला.

बायको व्याहिणीकडे बघत होती. मग तिचा चांगला डावा हात हलला. तिला वेळ लागला. तिने चाचपडत आपल्या पदराचा काठ धरला, ओढला, आणि माझ्या बोटांवर टाकला. एक बोट बाहेर राहिलं होतं. तिने तेही आत ढकललं आणि वरून आपला हात दाबून ठेवला.

मुलाची आई दुसरीकडे बघायला लागली. तारीख काय धरायची ते तिने पोरीलाच विचारलं. मी हात काढला नाही.